एयूसी ०.९३, तरी ४०० पैकी ४८च बिघाड सापडतात: थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा?

प्रश्न: सेन्सरच्या नोंदींवरून "हे यंत्र पुढच्या सात दिवसांत बंद पडेल का" हे सांगणारं मॉडेल केलंय. पडताळणीच्या २०,००० नोंदींत ४०० खरे बिघाड आहेत. माझा एयूसी ०.९३ येतो, पण `predict()` चालवलं की ४०० पैकी फक्त ४८ सापडतात. सहकाऱ्याने त्याच मॉडेलचा, त्याच डेटावर एयूसी काढला तर ०.५६ आला. थ्रेशोल्ड बदलून मोजलेले आकडे खाली देतोय. एका तपासणीचा खर्च १ धरला, तर यंत्र अचानक बंद पडण्याचा खर्च साधारण २५ आहे. मॉडेल चांगलं की वाईट, आणि थ्रेशोल्ड किती ठेवू?

| थ्रेशोल्ड | सापडलेले बिघाड | खोटे इशारे |
|---|---|---|
| ०.५० | ४८ | ३९ |
| ०.२० | १८० | ३९२ |
| ०.१० | २६० | ९८० |
| ०.०४ | ३३२ | १,९६० |
| ०.०२ | ३६४ | ३,१३६ |
| ०.०१ | ३८४ | ४,९०० |

उत्तर:

तुमचा ०.९३ बरोबर आहे. सहकाऱ्याचा ०.५६ कुठून आला तेही तुमच्याच तक्त्यातून दिसतं, त्याकडे येतोच. थ्रेशोल्डचं, म्हणजे किती गुणांच्या वर बिघाडाचा इशारा द्यायचा त्या मर्यादेचं, उत्तर ०.०४ च्या आसपास आहे. मात्र तो आकडा तसाच उचलून लावू नका, कारण तो दोन अटींवर उभा आहे आणि त्यातली एक मोडली तर तो सपशेल चुकतो.

आधी एयूसी नेमकं काय मोजतो ते हाताने करून पाहू. दहा नोंदी घ्या, चार बिघाडाच्या आणि सहा धडधाकट यंत्रांच्या. मॉडेलने दिलेल्या गुणांनुसार त्या वरून खाली लावल्या: ०.९१ बिघाड, ०.७८ ठीक, ०.६४ बिघाड, ०.५२ बिघाड, ०.४१ ठीक, ०.३३ ठीक, ०.२७ बिघाड, आणि मग ०.१५, ०.०९, ०.०४ हे तिन्ही ठीक.

आता थ्रेशोल्ड अगदी वर, १ च्याही पलीकडे धरा आणि हळूहळू खाली आणा. सुरुवातीला एकही नोंद पकडली जात नाही, म्हणजे आपण आलेखाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आहोत. वाटेत बिघाडाची नोंद आली की एक पायरी वर जायचं, चारांपैकी एक म्हणून पाव उंची. ठीक असलेल्या यंत्राची नोंद आली की एक पायरी उजवीकडे, सहांपैकी एक. आरओसी वक्र म्हणजे हा एवढाच जिना. उभ्या अक्षावर खऱ्या बिघाडांपैकी किती सापडले, आडव्या अक्षावर धडधाकट यंत्रांपैकी किती जणांवर उगाच बोट ठेवलं.

एयूसी म्हणजे या जिन्याखालचं क्षेत्रफळ. ते काढायचं तर उजवीकडे टाकलेल्या प्रत्येक पायरीच्या वेळी आपण किती उंचीवर होतो ते बघायचं: ०.२५, ०.७५, ०.७५, मग तीनदा १. बेरीज ४.७५, भागिले ६, म्हणजे ०.७९. हेच दुसऱ्या वाटेनेही येतं. चार बिघाड आणि सहा ठीक यांच्या २४ जोड्या होतात. किती जोड्यांत बिघाडाच्या नोंदीला जास्त गुण मिळाले? ०.९१ ने सहाही जोड्या जिंकल्या, ०.६४ आणि ०.५२ ने पाच-पाच, ०.२७ ने तीन. एकूण १९. १९ भागिले २४, पुन्हा ०.७९. तेव्हा तुमच्या ०.९३ चा अर्थ असा: एक बिघडणारं यंत्र आणि एक धडधाकट यंत्र डोळे मिटून उचललं, तर शंभरातल्या साधारण ९३ वेळा मॉडेल बिघडणाऱ्याला वरचे गुण देतं. गुण सारखे पडले तर ती जोडी अर्धी धरतात.

आता गंमत बघा. त्या दहाही गुणांना १० ने भागा. ०.९१ चा ०.०९१ होईल, ०.७८ चा ०.०७८. क्रम तसाच राहिला, म्हणून जिना तोच आणि एयूसीही तोच ०.७९. पण ०.५ च्या वर आता एकही नोंद नाही, त्यामुळे `predict()` एकही बिघाड पकडणार नाही. तुमच्याकडे हेच झालंय, जरा सौम्य प्रमाणात. एयूसीला फक्त क्रम कळतो, गुण किती मोठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. `predict()` ला मात्र फक्त ०.५ कळतो. ज्या डेटात मुळात शंभरात दोनच बिघाड आहेत, तिथे "बिघाड होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त" असं प्रामाणिक मॉडेल क्वचितच म्हणेल. त्यात मॉडेलचा दोष नाही. ०.५ ही निव्वळ डीफॉल्ट किंमत आहे, तुमच्या यंत्रांकडे पाहून ती कुणी ठरवलेली नाही.

सहकाऱ्याचा ०.५६ इथूनच आला असणार. त्यांनी एयूसीच्या फंक्शनला गुण द्यायच्या ऐवजी `predict()` ची ०/१ उत्तरं दिली. तसं केलं की जिन्याला मध्ये एकच पायरी उरते, तुमच्या ०.५० च्या ओळीची: ४०० पैकी ४८ म्हणजे ०.१२ उंची, आणि १९,६०० पैकी ३९ म्हणजे ०.००२ आडवं अंतर. दोन कोपरे आणि हा एक बिंदू जोडून खालचं क्षेत्रफळ काढा. ते (०.१२ + ०.९९८) भागिले २ इतकं होतं, म्हणजे ०.५६. उलट तुमच्या तक्त्यातले सहाही बिंदू सरळ रेषांनी जोडले तर ०.९३ येतो. ही चूक इतकी सर्रास होते, की कुणी ०.५ च्या जरासा वरचा एयूसी दाखवला की मी आधी कोडची ती एक ओळ बघतो.

```python
roc_auc_score(y_val, model.predict(X_val))              # चूक
roc_auc_score(y_val, model.predict_proba(X_val)[:, 1])  # बरोबर
```

आता थ्रेशोल्ड. तुम्ही खर्चाचे आकडे दिलेत हे फार बरं झालं. ते नसते तर या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. वक्र तुम्हाला कुठकुठले सौदे शक्य आहेत ते दाखवतो, त्यातला कोणता परवडतो ते तो सांगू शकत नाही.

तुमचा तक्ता वरून खाली वाचा आणि प्रत्येक टप्प्यावर एकच विचारा: थ्रेशोल्ड आणखी उतरवल्याने जादा तपासण्या किती झाल्या, आणि त्यातून जादा बिघाड किती सापडले? ०.१० वरून ०.०४ वर आलात तर १,०५२ नोंदी नव्याने तपासणीत येतात. त्यांत ७२ बिघाड आहेत. ते वेळेत सापडल्याने ७२ गुणिले २५, म्हणजे १,८०० वाचले, खर्च झाले १,०५२. सौदा फायद्याचा. ०.०४ वरून ०.०२ वर उतरलात तर १,२०८ तपासण्या वाढतात आणि ३२ बिघाड सापडतात. वाचले ८००, गेले १,२०८. इथे थांबायचं.

एकूण खर्च मांडून पाहिला तरी तेच दिसतं. प्रत्येक ओळीत सगळ्या तपासण्या अधिक सुटलेले बिघाड गुणिले २५ असा हिशेब केला, तर ०.५० ला ८,८८७ येतात, ०.२० ला ६,०७२, ०.१० ला ४,७४०, ०.०४ ला ३,९९२, ०.०२ ला ४,४०० आणि ०.०१ ला ५,६८४. मॉडेल नसतं आणि काहीच तपासलं नसतं तर १०,००० गेले असते. सरसकट सगळं तपासलं असतं तर २०,०००. म्हणजे तेच मॉडेल ०.५ वर ठेवलं तर जेमतेम ११ टक्के खर्च वाचवतं आणि ०.०४ वर ६० टक्के. मॉडेलमध्ये काडीचाही बदल न करता.

०.०४ हा आकडा तक्त्याशिवायही काढता येतो. एखाद्या यंत्राची बिघाडाची शक्यता p असेल, तर तपासणीने सरासरी २५ गुणिले p इतकी बचत होते आणि खर्च १ होतो. म्हणून p हा १/२५ पेक्षा मोठा असेल तेव्हाच तपासायचं. १/२५ म्हणजेच ०.०४. बऱ्याच ठिकाणी हे सूत्र असं सापडेल, त्यात C_FP म्हणजे खोट्या इशाऱ्याचा खर्च आणि C_FN म्हणजे सुटलेल्या बिघाडाचं नुकसान:

```
t = C_FP / (C_FP + C_FN)
```

त्यात C_FN च्या जागी २५ घालून ०.०३८ काढणारे खूप भेटतात. इथे फरक किरकोळ आहे, पण हिशेब चुकीचा आहे. बिघाड वेळेत सापडला तरी तपासणीचा १ जातोच, म्हणून सुटलेल्या बिघाडाचं निव्वळ नुकसान २४ आहे, २५ नाही. २४ घातले की पुन्हा ०.०४ मिळतो. खर्चाचं गुणोत्तर २५ च्या जागी ३ असतं तर हीच चूक ०.३३ ऐवजी ०.२५ देऊन गेली असती.

तुमच्या हिशेबात आणखी एक गृहीतक दडलंय: तपासणी केली की बिघाड टळतोच. प्रत्यक्षात तंत्रज्ञाला दोष सापडत नाही, किंवा सुटा भाग हाताशी नसतो. दहातले सातच बिघाड टळत असतील तर बचत २५p ऐवजी १७.५p होते आणि थ्रेशोल्ड ०.०५७ वर जातो. देखभाल करणाऱ्यांना हा आकडा विचारा, त्यांना तो साधारण माहीत असतो. आणि खर्चाचे आकडे अगदी काटेकोर नाहीत म्हणून अडून बसू नका. अचानक बंद पडण्याचा खर्च २५ ऐवजी १५ निघाला, तर तुमच्या तक्त्यात ०.१० ला ३,३४० आणि ०.०४ ला ३,३१२ येतात, म्हणजे जवळपास सारखेच. खर्चाचा आलेख तळाशी पसरट असतो. ०.०४ आणि ०.०५ यांच्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. ०.०४ आणि ०.५ यांच्यातला फरक मात्र तुम्हाला महागात पडतोय.

कुणीतरी तुम्हाला यूडन निर्देशांक सुचवेल: जिथे (सापडलेल्यांचं प्रमाण वजा खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण) सगळ्यात मोठं, तो थ्रेशोल्ड. यूडन यांनी हा १९५० मध्ये मांडला आणि वैद्यकीय चाचण्यांच्या जगात तो फार वापरला जातो. तुमच्या आकड्यांवर तो ०.०२ निवडतो: ०.९१ वजा ०.१६, म्हणजे ०.७५. ०.०४ ला ०.७३ येतात. आता हा ०.०२ कुठून आला ते बघा. तुमच्या डेटात बिघाडांचं प्रमाणच २ टक्के आहे! हा योगायोग नाही. गुण खऱ्या शक्यतांसारखे वागत असतील तर यूडन नेहमी बिघाडांच्या मूळ प्रमाणापाशीच येऊन थांबतो. दुसऱ्या शब्दांत, तो गुपचूप असं धरून चालतो की एक बिघाड सुटण्याचं नुकसान ४९ खोट्या इशाऱ्यांएवढं आहे, कारण तुमच्याकडे एका बिघाडामागे ४९ धडधाकट नोंदी आहेत. तुमचं नुकसान २४ आहे. खर्चाचा काहीच अंदाज नसेल तेव्हा यूडन ठीक. अंदाज असताना तो वापरणं म्हणजे स्वतःचे आकडे टाकून डेटातल्या गुणोत्तराला खर्च ठरवू देणं.

आता त्या दोन अटी.

पहिली, गुण खरोखर शक्यता असले पाहिजेत, निदान थ्रेशोल्डच्या आसपास तरी. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात आणि ते तपासायला तुमचा तक्ताच पुरतो. ०.०४ ते ०.१० या पट्ट्यात १,०५२ नोंदी आहेत, त्यांत ७२ बिघाड, म्हणजे ६.८ टक्के. आकडा पट्ट्याच्या आत आहे. ०.१० ते ०.२० मध्ये ६६८ पैकी ८०, म्हणजे १२ टक्के. ०.०२ ते ०.०४ मध्ये १,२०८ पैकी ३२, म्हणजे २.६ टक्के. सगळे आपापल्या पट्ट्यात बसतात. एयूसी हे तुम्हाला कधीच सांगणार नाही, कारण वर पाहिलं तसं गुण १० ने भागले तरी तो हलत नाही.

ही अट मोडते कुठे? सगळ्यात जास्त वेळा, बिघाड कमी आहेत म्हणून कुणीतरी बिघाडाच्या नोंदींना जास्त वजन देणारं `class_weight='balanced'` लावतं, किंवा बिघाडाच्या नोंदी वाढवून दोन्ही गट सारखे करतं. तुमच्या डेटावर तसं केलं, तर बिघाड होण्याचं आणि न होण्याचं गुणोत्तर अंदाजे ४९ पट फुगतं. खरी शक्यता ०.०२ असलेली नोंद ०.५ दाखवू लागते आणि ०.०४ असलेली साधारण ०.६७. एयूसी जवळजवळ तोच राहतो, आणि ०.५ वर अचानक भरपूर बिघाड सापडायला लागतात, म्हणून लोकांना वाटतं की मॉडेल सुधारलं. सुधारलं काहीच नाही. थ्रेशोल्ड मागच्या दाराने ०.०२ वर नेला, एवढंच.

मी स्वतः यात एकदा पोळलोय. खर्चाचा हिशेब नीट मांडून थ्रेशोल्ड काढला, अगदी तुमच्यासारखा छोटा आकडा, आणि तो अशा समतोल केलेल्या मॉडेलवर लावला. मॉडेल दुसऱ्या सहकाऱ्याने शिकवलं होतं आणि वजनं दिली आहेत की नाही हे मी विचारलंच नव्हतं. सोमवारी सकाळी जवळपास सगळ्याच यंत्रांपुढे लाल खूण. फुगवलेल्या गुणांतला ०.०४ म्हणजे खऱ्या शक्यतेत हजारात एकाहूनही कमी. देखभालीच्या प्रमुखांनी फोनवर शांतपणे एवढंच विचारलं, "मग आम्ही उरलेली यंत्रंच तपासू का?" तेव्हापासून पट्ट्यांचा तक्ता पाहिल्याशिवाय मी सूत्राने काढलेला थ्रेशोल्ड लावत नाही. गुण फुगलेले असतील तर दोन वाटा आहेत. वजनं काढून मॉडेल पुन्हा शिकवा, किंवा वेगळ्या राखलेल्या डेटावर गुण पुन्हा शक्यतांमध्ये बसवून घ्या. `CalibratedClassifierCV` त्यासाठीच आहे. तिसरी वाटही आहे: सूत्र सोडून द्या आणि खर्च थेट वक्रावरच मोजा. गुण फुगलेले असोत वा नसोत, मोजलेला खर्च फसवत नाही.

```python
p = model.predict_proba(X_val)[:, 1]
fpr, tpr, thr = roc_curve(y_val, p)
P = y_val.sum(); N = len(y_val) - P
cost = P*tpr + N*fpr + 25*P*(1 - tpr)
print(thr[cost.argmin()], cost.min())
```

`thr` मधली पहिली किंमत नव्या आवृत्त्यांत `inf` असते, तिचा अर्थ "कुणालाच तपासू नका". उत्तर म्हणून तीच आली तर दचकू नका. या खर्चांना हे मॉडेल उपयोगी नाही, एवढंच ते सांगतंय.

दुसरी अट अशी, की पडताळणीच्या डेटात बिघाडांचं जे प्रमाण आहे तेच प्रत्यक्षातही असलं पाहिजे. वक्राचे दोन्ही अक्ष आपापल्या गटातच मोजलेले असल्याने प्रमाण बदललं तरी वक्र बहुधा तसाच राहतो. हा त्याचा फायदा म्हणून सांगितला जातो, आणि नेमका तिथेच माणूस फसतो. तुमच्या ०.०४ वर इशारा मिळालेल्या २,२९२ नोंदींत ३३२ खऱ्या आहेत, म्हणजे सातातला एक इशारा खरा. आता समजा नव्या, ताज्या यंत्रांवर बिघाडांचं प्रमाण २ टक्क्यांऐवजी अर्धा टक्का आहे. त्याच वक्रावरच्या त्याच बिंदूपाशी २०,००० नोंदींत ८३ खरे इशारे मिळतील आणि १,९९० खोटे. पंचविसातला एक. आलेख हुबेहूब तोच, एयूसी तोच ०.९३, पण तंत्रज्ञ दोन आठवड्यांत इशाऱ्यांकडे बघणं सोडून देईल. म्हणून वक्र दाखवताना त्याच्या शेजारी "दर किती इशाऱ्यांमागे एक खरा" हा आकडा मी नेहमी लिहितो. तपासणी करणाऱ्या माणसाला तेवढाच आकडा कळतो आणि तेवढाच पुरतो.

याच माणसामुळे कधीकधी वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. समजा या नोंदींच्या काळात तुमच्या लोकांना ६०० च तपासण्या जमणार आहेत. मग ०.०४ वरच्या २,२९२ चा विचार व्यर्थ आहे. गुणांनुसार यादी लावायची आणि वरच्या ६०० घ्यायच्या. तुमच्याकडे तो थ्रेशोल्ड ०.२० च्या जरा खाली पडेल आणि निम्म्याहून थोडे कमी बिघाड हाती लागतील. अशा वेळी दोन मॉडेलांची तुलना एकूण एयूसीवर करू नका. तुमच्या कामाचा वक्राचा भाग म्हणजे डावीकडची आडव्या अक्षावर ०.०२ पर्यंतची चिंचोळी पट्टी. तुमच्या ०.९३ पैकी सुमारे ०.७४ एवढं क्षेत्रफळ ०.२५ च्या उजवीकडच्या भागातून आलंय, जिथे तुम्ही कधीच काम करणार नाही. दुसऱ्या मॉडेलने तिकडे थोडी भर घातली तर त्याचा एयूसी वाढेल, आणि तरी वरच्या ६०० मध्ये ते तुमच्यापेक्षा कमी बिघाड पकडू शकेल. दोन्ही वक्र एकावर एक काढा. एकमेकांना छेदत असतील तर जिथे काम करायचंय तिथे वर कोण, एवढंच पाहा.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हेही थोडक्यात सांगतो. एयूसीची डळमळ मुख्यतः कमी संख्येच्या गटावर ठरते. तुमच्याकडे ४०० बिघाड आहेत, त्यामुळे ०.९३ मध्ये साधारण ०.०२ इकडेतिकडे होऊ शकेल. बिघाड ४० च असते आणि बाकीचे त्याच प्रमाणात, तर तोच ०.९३ म्हणजे ०.८७ पासून ०.९८ पर्यंत काहीही असू शकला असता, आणि ०.९३ चं मॉडेल ०.९१ च्या मॉडेलपेक्षा सरस म्हणायला आधार उरला नसता. हा अंदाज प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून आहे, आणि तुमच्याकडे बहुधा तसं नाही. एकाच यंत्राच्या लागोपाठच्या आठवड्यांच्या नोंदी असतील तर त्या एकमेकींसारख्याच असतात. म्हणून बूटस्ट्रॅप करताना, म्हणजे डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून ही डळमळ मोजताना, नोंदी उचलू नका, अख्खी यंत्रं उचला.

आणि हे आधी तपासा: शिकवण्याच्या आणि पडताळणीच्या डेटात एकच यंत्र दोन्हीकडे तर नाही ना? असेल तर मॉडेल त्या यंत्राची ओळख पाठ करून बसतं आणि ०.९३ नव्या यंत्रांवर टिकत नाही. `GroupKFold` ला यंत्राचा क्रमांक द्या, एयूसी पुन्हा काढा. तो ०.९३ वरून ०.८५ वर घसरला तर माझा वरचा सगळा हिशेब नव्या तक्त्यावर परत करावा लागेल. थ्रेशोल्ड ज्या डेटावर निवडलात त्यावरच मोजलेला खर्चही खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. शेवटचा आकडा सांगण्यासाठी तिसरा, हात न लावलेला भाग राखून ठेवा.

मॉडेल चालू झाल्यावर एक अडचण येईल, तिची तयारी आत्ताच करा. इशारा मिळाला, तंत्रज्ञाने पट्टा बदलला, यंत्र बंद पडलं नाही. तुमच्या नोंदीत हा इशारा "खोटा" म्हणून जाईल, कारण बिघाड झालाच नाही. सहा महिन्यांनी याच नोंदींवर एयूसी काढलात तर तो कोसळलेला दिसेल, आणि जितकं काम चांगलं झालं असेल तितका जास्त कोसळलेला. म्हणून तपासणीच्या अर्जात एक रकाना आजच घाला: उघडल्यावर खरंच दोष होता का, होय की नाही. पुढच्या वेळी वक्र काढताना इशारा मिळालेल्या नोंदींसाठी "बंद पडलं का" या रकान्याऐवजी हा रकाना वापरा.